म्हैसूरचे चंदनतेल आणि कोंडीचे गणित

२०२५ च्या मे महिन्यात कर्नाटक सरकारच्या मालकीच्या साबण कंपनीने 'म्हैसूर सँडल' साबणाच्या जाहिरातीसाठी एका हिंदी चित्रपट-अभिनेत्रीशी दोन वर्षांचा, ६ कोटी २० लाख रुपयांचा करार केला आणि कर्नाटकात काही दिवस मोठे वादळ उठले. कन्नड अभिनेत्री का नाही, हा त्या वादाचा एकमेव विषय होता. ज्या तेलावर या साबणाचे नाव व दाम उभे आहे ते तेल कोठून येते, त्याची मालकी कोणाकडे आहे, ते आणखी कोणाला मिळते आणि कोणत्या भावाने मिळते, हा प्रश्न त्या गदारोळात कोणीही विचारला नाही. वास्तविक अर्थशास्त्राच्या व राजकारणाच्या दृष्टीने विचारण्याजोगा प्रश्न तोच होता.

एखादा उत्पादक आपल्या मालाला लागणाऱ्या मुख्य कच्च्या मालाचाही मालक बनतो, तेव्हा उत्पादनाची एक उभी साखळी त्याच्या हाती येते. त्याच कच्च्या मालावर त्याचे प्रतिस्पर्धीही जगत असतील, तर त्यांचा पुरवठा तोडण्याची ताकद त्याला लाभते. मक्तेदारीविरोधी लिखाणात येथवर नेहमीच येऊन थांबले जाते: ताकद आली, म्हणजे तो ती वापरणारच. हे अनुमान घाईचे आहे. पुरवठा तोडणे म्हणजे स्वतःच्या एका गिऱ्हाइकाला नकार देणे होय, आणि गिऱ्हाईक गमावण्याची किंमत मालकाला मोजावी लागते. ती किंमत केव्हा परवडते आणि केव्हा परवडत नाही, हे कळल्याशिवाय सरकारी मक्तेदारीचे समर्थनही करता येत नाही आणि खाजगी मक्तेदारीवर नेमका घावही घालता येत नाही. म्हैसूरच्या चंदनात या दोन्ही शक्यता एकाच मालकाच्या हाताखाली, साखळीच्या दोन वेगवेगळ्या कड्यांवर पाहावयास मिळतात. म्हणून हे उदाहरण तपशिलाने पाहण्याजोगे आहे.

म्हैसूर संस्थानात चंदनाच्या झाडावर सरकारची मालकी टिपू सुलतानाच्या काळापासून, १७९२ पासून, चालत आली. झाड कोणाच्याही जमिनीत उगवो, ते सरकारचे. संस्थानाने पुढे हाच नियम कायम ठेवला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस म्हैसूरचे सरकार हे चंदनाच्या लाकडाचे जगातील सर्वांत मोठे विक्रेते होते. परंतु ते केवळ लाकूड विकत असे. ओंडके लिलावात जात, तेथून जहाजांनी युरोपात, आणि त्यांतून तेल काढण्याचे काम प्रामुख्याने जर्मनीत, लाइपझिग भागातील शिमेलसारख्या कारखान्यांत होई. त्या काळी या तेलाची मागणी सुगंधापुरती नव्हती. परम्यावरील औषध म्हणून ते युरोपातील औषधी दुकानांत खपत असे. झाड म्हैसूरचे, तोडणारा मजूर म्हैसूरचा, आणि तेल काढण्यातील नफा व तेलाचा व्यापार जर्मन भांडवलाचा, अशी ती वसाहती व्यवस्था होती.

१९१४ मध्ये युद्ध सुरू झाले आणि लिलावातील जर्मन गिऱ्हाईक एका रात्रीत नाहीसे झाले. लाकडाचे ढीग गोदामांत पडून राहिले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कोंडी आधी विक्रेत्याची झाली. ज्याच्या हाती जगातील चंदन होते, त्यालाच ते कोणाला विकावे कळेना, कारण पुढची कडी मोजक्या परदेशी कारखान्यांच्या ताब्यात होती. दिवाण विश्वेश्वरय्या आणि उद्योगखात्याचे संचालक आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मार्ग काढला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सडबरो व वॉटसन या रसायनशास्त्रज्ञांनी ऊर्ध्वपातनाची पद्धत बसवून दिली, बंगळूरला प्रायोगिक कारखाना उभा राहिला, आणि १९१६-१७ च्या सुमारास म्हैसूर शहरात सरकारी चंदनतेलाचा कारखाना सुरू झाला. त्याच काळात बंगळूरला सरकारी साबण कारखाना निघाला. त्याचे तंत्र सोसले गरळपुरी शास्त्री यांनी इंग्लंडमध्ये शिकून आणले. अशा रीतीने चार-पाच वर्षांत झाड, तेल आणि साबण या तिन्ही कड्या एका मालकाकडे आल्या. १९४४ मध्ये शिवमोग्याला तेलाचा दुसरा कारखाना निघाला आणि १९८० मध्ये हे सर्व कारखाने 'कर्नाटक सोप्स अँड डिटर्जंट्स' या सरकारी कंपनीखाली एकत्र करण्यात आले.

आता पहिली कडी पाहू. सरकारने स्वतःचा तेलाचा कारखाना काढल्यावर उत्तम लाकूड आधी त्या कारखान्याकडे वळवणे स्वाभाविकच होते. आणि जेवढे लाकूड म्हैसूरच्या भट्ट्यांत गेले तेवढे परदेशी भट्ट्यांना मिळाले नाही. हीच कच्च्या मालाची कोंडी होय. येथे ती फायद्याची का ठरली? कारण तेल काढणाऱ्यापुढे पर्याय फारसा नव्हता. खऱ्या चंदनाच्या गाभ्यात व मुळांत जे तेल असते, त्यातील सुमारे नव्वद टक्के भाग सँटलॉल नावाच्या द्रव्यांचा असतो आणि त्याच दर्जाचे लाकूड म्हैसूर, कूर्ग व मद्रास इलाख्याच्या काही भागांबाहेर त्या काळी सहज मिळत नव्हते. शिवाय लाकूड आणि तेल यांचे प्रमाण जवळजवळ बांधलेले असते. कमी लाकडातून अधिक तेल काढण्याची करामत कोणालाही साधत नाही. त्यामुळे परदेशी कारखान्याला न मिळालेल्या दर मणामागे जे तेल तेथे निघाले नाही, ते जवळजवळ पूर्णपणे म्हैसूरला निघाले आणि त्याचे गिऱ्हाईकही म्हैसूरकडे वळले. प्रतिस्पर्ध्याचे गमावलेले गिऱ्हाईक आपल्याकडे येण्याचे प्रमाण जेव्हा असे पूर्णतेच्या जवळ असते, तेव्हा नकार देण्यात तोटा नसतो.

यावर एक जुना आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. शिकागो विद्यापीठाच्या परंपरेतील अर्थशास्त्रज्ञ म्हणतात की, कच्च्या मालाचा मक्तेदार आपला सगळा जादा नफा कच्च्या मालाच्या भावातच वसूल करू शकतो. मग त्याने पुढच्या कडीत उतरून इतरांना हाकलण्याचा खटाटोप का करावा? लाकडाचा भाव चढवला की तेलातील नफा आपोआप सरकारच्या तिजोरीत आला असता. हा युक्तिवाद कागदावर बिनतोड आहे. तो कोसळतो कोठे, हे १९१४ ने दाखवून दिले. भाव चढवून सगळा नफा खेचण्यासाठी समोर आपसात स्पर्धा करणारे पुष्कळ खरेदीदार असावे लागतात. येथे खरेदीदार मोजके होते, तंत्र त्यांच्याकडे होते, औषधी दुकानांपर्यंतची विक्रीव्यवस्था त्यांच्याकडे होती, आणि लाकडाच्या मालकाला ओंडका विकण्यापलीकडे दुसरा मार्ग नव्हता. अशा स्थितीत नफ्याची वाटणी सौद्यातील बळावर ठरते. स्वतःची भट्टी उभारणे हा ते बळ मिळविण्याचा मार्ग होता. म्हैसूरच्या पहिल्या कडीतील एकत्रीकरणाला आपण साम्राज्यशाही व्यापाराविरुद्धचे पाऊल म्हणतो ते या अर्थाने. संस्थानिक पुरोगामी होता म्हणून नव्हे.

दुसरी कडी मात्र सर्वस्वी वेगळी आहे. तेलाच्या कारखान्याचा मालक साबणाच्या कारखान्याचाही मालक आहे. चंदनाचा साबण काढणारा दुसरा एखादा उत्पादक त्याच्याकडे तेल मागावयास आला, तर त्याला नकार द्यावा काय? गणित मांडण्यासाठी काही काल्पनिक आकडे घेऊ. ते कोणत्याही कंपनीच्या हिशेबवहीतून घेतलेले नाहीत.

समजा, तेलाचे एक माप बाहेरच्या साबणवाल्याला १०० रुपयांना विकले जाते आणि ते काढण्याचा खर्च ४० रुपये आहे. म्हणजे त्याला तेल विकल्याने मालकाला ६० रुपये सुटतात. त्या एका मापातून तो १०० वड्या करतो. आता मालकाने नकार दिला. साबणवाल्याच्या १०० गिऱ्हाइकांपैकी सगळे काही मालकाच्या साबणाकडे येणार नाहीत. काही गुलाबाचा साबण घेतील, काही कडुनिंबाचा, काही सर्वांत स्वस्त असेल तो. समजा, २० जण आले. मालकाला स्वतःच्या वडीमागे, तेलाचा ४० पैसे उत्पादनखर्च धरून सर्व खर्च वजा जाता, दीड रुपया सुटतो. वीस वड्यांवर ३० रुपये मिळाले आणि ६० गेले. नकार देणे हा निव्वळ ३० रुपयांचा मूर्खपणा ठरला. तो परवडण्यासाठी शंभरातील किमान ४० गिऱ्हाइके वळली पाहिजेत. कोंडीचे सगळे गणित या तीन संख्यांवर फिरते: कच्च्या मालावर सुटणारा नफा, पक्क्या मालावर सुटणारा नफा, आणि हाकललेल्या गिऱ्हाइकांपैकी आपल्याकडे येणाऱ्यांचे प्रमाण. ज्या मालात तेलावरील नफा मोठा आणि साबणावरील नफा लहान, तेथे पुरवठा तोडण्याची धमकी बहुधा पोकळ असते.

परंतु येथेच थांबले तर वाचकांची फसवणूक होईल, कारण वरील हिशेबात एक गृहीत दडलेले आहे. नकार दिलेले तेल काढलेच गेले नाही, असे आपण मानले. चंदनाच्या बाबतीत ते खरे नाही. तेल दुर्मिळ आहे. एका साबणवाल्याला दिले नाही तर पॅरिसचा अत्तरवाला ते उचलावयास उभाच आहे. समजा, तो ९५ रुपये देतो. आता लाकूड तुटलेले आहे, तेल निघालेले आहे, आणि प्रश्न फक्त ते कोणाला द्यावयाचे एवढाच आहे. साबणवाल्याला नकार दिला. त्याच्याकडून आलेल्या २० गिऱ्हाइकांसाठी मापाचा एक पंचमांश भाग स्वतःच्या साबणात घातला, उरलेले चार पंचमांश पॅरिसला ७६ रुपयांना विकले. तेलाच्या विक्रीत २४ रुपये कमी आले. पण वीस वड्यांवर, तेलाचा खर्च सोडून इतर खर्च वजा जाता, वडीमागे १ रुपया ९० पैशांप्रमाणे ३८ रुपये मिळाले. मालक १४ रुपयांनी फायद्यात राहिला. गिऱ्हाइके तेवढीच वळली, साबणावरील नफाही तोच. बदलले ते एवढेच की, तेलाला दुसरा खरेदीदार होता. कच्चा माल जितका दुर्मिळ आणि त्याची बाहेरची बाजारपेठ जितकी मोठी, तितकी देशातील प्रतिस्पर्ध्याची कोंडी स्वस्त होत जाते. कच्चा माल मुबलक असताना निरुपद्रवी असलेली साखळी टंचाईच्या काळात गळफास बनते ती अशी.

मग चंदनाच्या साबणाच्या बाजारात प्रत्यक्ष काय घडले? कोंडी झाली नाही. झाली असती तरी फारशी चालली नसती. १९८० च्या दशकाच्या मध्यास विप्रो या कंपनीने 'संतूर' हा चंदन व हळदीच्या नावाने विकला जाणारा साबण बाजारात आणला. खानदेशातील वाचकांना या कंपनीचे मूळ ठाऊक असेल. १९४५ च्या सुमारास अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून तिचा जन्म झाला. म्हैसूरच्या तेलाची मालकी नसलेली ही कंपनी चंदनाच्या नावावर देशभरातील बाजारपेठ मिळवून गेली, आणि ज्याच्या हाती तेलाची नळी होती तो सरकारी साबण मागे पडला. याचे कारण साबणाच्या रसायनात आहे. साबणाला सुगंधाचा अल्पसा अंश लागतो, आणि चंदनासारखा वास देणारी कृत्रिम द्रव्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रसायन उद्योगाने अनेक तयार केली. अत्तर ओळखणाऱ्या नाकाला खरे व कृत्रिम यांतील फरक कळतो. न्हाणीघरात अंगाला साबण लावणारा बहुसंख्य माणूस तो शोधत बसत नाही. वरील हिशेबात वळणारी गिऱ्हाइके २० ऐवजी ३ धरली, तर नकाराचा सगळा फायदा संपतो. कारण प्रतिस्पर्धी बंद पडत नाही. तो आपला कच्चा माल बदलतो, आणि त्याचे गिऱ्हाईक त्याच्याकडेच राहते.

पहिल्या कडीतही हा पर्याय कालांतराने उगवलाच. पश्चिम ऑस्ट्रेलियात चंदनाची दुसरी जात रानात वाढते; तिच्यात सँटलॉल कमी असते, तरी तिचे तेल बाजारात आले आणि १९२९ मध्ये तेथील सरकारला त्या लाकडाच्या तोडीवर नियंत्रण घालणारा कायदा करावा लागला. पुढे, विसाव्या शतकाच्या अखेरीपासून, ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात कुनुनुर्रा येथे खुद्द भारतीय जातीच्या चंदनाच्या मोठ्या लागवडी झाल्या. कच्च्या मालाच्या मालकाने नळी फार घट्ट आवळली की, दूरवर कोणीतरी दुसरी विहीर खणू लागतो. विहिरीला पाणी लागावयास चंदनाच्या बाबतीत पंधरा-वीस वर्षे लागतात एवढेच. तोपर्यंतची कोंडी मात्र खरी असते, आणि लहान उत्पादक तेवढा काळ तग धरू शकत नाही.

लहान उत्पादक म्हटला की, म्हैसूर शहरातील उदबत्तीचा धंदा डोळ्यांपुढे येतो. हा धंदा आजही त्या शहराची ओळख आहे आणि त्याचे बत्ती वळण्याचे काम फार मोठ्या प्रमाणावर घरी बसून, नगावर मजुरी घेणाऱ्या स्त्रिया करतात. उंची उदबत्तीला चंदनतेल लागते, साध्या उदबत्तीला कृत्रिम सुगंध पुरतो. सरकारी साबण कंपनी उदबत्त्याही काढते. म्हणजे उदबत्तीवाला तिचा गिऱ्हाईकही आहे आणि प्रतिस्पर्धीही. अशा ठिकाणी उघड नकाराची वाट पाहत बसणे चुकीचे आहे, कारण चतुर मालक नकार देतच नाही. तो भाव थोडा चढवतो, आपल्या विभागाला आधी भरून मग इतरांना देतो, चांगल्या प्रतीचे तेल घरी ठेवून दुय्यम प्रत बाहेर विकतो, सणाच्या तोंडावर 'साठा नाही' असे सांगतो. ही अर्धी कोंडी पूर्ण कोंडीहून अधिक फायद्याची असते. गिऱ्हाईकही टिकते आणि त्याचा खर्चही वाढतो. म्हैसूरमध्ये असे घडले असा आरोप येथे करावयाचा नाही. खाजगी असो वा सरकारी, उभ्या साखळीच्या कोणत्याही मालकाकडे या गोष्टी पाहावयास हव्यात, एवढाच याचा अर्थ.

त्या पाहावयाच्या कशा? एक जागा अशी आहे की, जेथे पाहिल्यावाचून बाकीचे पाहणे व्यर्थ ठरते, आणि ती म्हणजे घरातल्या घरात होणारी विक्री. तेलाचा विभाग साबणाच्या विभागाला तेल देतो तेव्हा वहीत जो भाव लिहिला जातो, तोच भाव बाहेरच्याला लावला जातो काय? समजा, घरचा भाव ४० आणि बाहेरचा १०० आहे. या फरकाचे दोन अर्थ निघू शकतात आणि ते परस्परविरोधी आहेत. पहिला अर्थ ग्राहकाच्या हिताचा आहे: दोन वेगळे मालक असते तर तेलवाल्याने आपला नफा चढवला असता, त्यावर साबणवाल्याने आपला चढवला असता आणि साबण महाग झाला असता, एकाच मालकाकडे दोन्ही आल्याने मधला एक नफा गळला आणि साबण स्वस्त झाला. हा लाभ खरा आहे, आणि मक्तेदारीविरोधाच्या भरात तो नाकारण्याचे कारण नाही. दुसरा अर्थ असा की, बाहेरच्याकडून १०० घेऊन स्वतःचा साबण अशा भावाने विकावयाचा की, १०० रुपयांचे तेल घेणाऱ्याला त्या भावात धंदा करणेच अशक्य व्हावे. ओळखण्याची कसोटी सोपी आहे. मालकाच्या साबण विभागाने स्वतःचेच तेल बाहेरच्या भावाने घेतले असते, तर तो आजच्या विक्रीभावाला तोट्यात गेला असता काय? उत्तर 'होय' असेल, तर बाहेरच्या कार्यक्षम उत्पादकालाही तेथे जागा उरलेली नाही. 'नाही' असे असेल, तर स्वस्ताईचे श्रेय एकत्रीकरणाला देण्यास हरकत नाही.

या कसोटीतून आणखी एक गोष्ट उघडी पडते, आणि कामगारांच्या दृष्टीने ती कोंडीपेक्षाही महत्त्वाची ठरू शकते. जे तेल जगाच्या बाजारात ९५ रुपयांना जाते, ते घरात ४० ला देऊन साबण विभाग नफ्यात दाखवला जातो, तेव्हा तो नफा साबणाचा नसून जंगलाचा असतो. जंगल आटले की तो नफाही आटतो. आणि तेव्हा दोष कामगारांच्या संख्येवर व मजुरीवर ढकलण्यात येतो. साखर पट्ट्यातील कामगारांना हा प्रकार नवा वाटू नये. ज्या साखर कारखान्याकडे स्वतःची दारूभट्टी आहे, तेथे मळी कोणत्या भावाने भट्टीत गेली यावरच साखर तोट्यात की भट्टी नफ्यात हे ठरते, आणि उसाचा भाव व मजुरी त्या कागदी तोट्यातून कापली जाते.

कायद्याची बाजू थोडक्यात. २००२ च्या स्पर्धा कायद्याने प्रबळ स्थानाचा गैरवापर करण्यास मनाई केली आहे. बाजारात शिरकाव नाकारणे, तसेच एका बाजारातील प्राबल्य दुसऱ्या बाजारात वापरणे, हे त्या गैरवापरात स्पष्टपणे मोडते, आणि प्राबल्य ठरवताना उभे एकत्रीकरण विचारात घ्यावे असेही कायदा सांगतो. सरकारी उद्योग यातून सुटतात अशी समजूत पुष्कळ काळ होती. कोल इंडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती मोडीत काढली. डाव्या वर्तुळांत या निकालाकडे सार्वजनिक क्षेत्रावरील हल्ला म्हणून पाहिले गेले तर ते समजण्यासारखे आहे; खाजगी भांडवल या दाराने आत शिरण्याचा प्रयत्न करील यात शंका नाही. परंतु सरकारी कंपनीने बाहेरच्या लहान उत्पादकाला कोणत्या भावाने व कोणत्या क्रमाने माल दिला याचा जाब देण्यास तिने का बिचकावे? तो जाब मागण्याचा हक्क स्पर्धा आयोगाच्या हाती जाण्याआधी विधिमंडळाच्या व कामगार संघटनांच्या हाती असावयास हवा होता, ही खरी चूक आहे.

म्हैसूरच्या कहाणीचा शेवटचा भाग मात्र कायद्याच्या कक्षेबाहेरचा आहे. नळी कोणाला द्यावी याचा हिशेब होत राहिला आणि झरा आटत गेला. शेतकऱ्याच्या बांधावरचे झाडही सरकारचे असल्याने ते वाढवण्यात त्याला लाभ नव्हता. उलट झाड चोरीस गेले तर पोलिसांचा ससेमिरा त्याच्याच मागे. रोप दिसले की उपटून टाकणे हेच शहाणपण ठरले. चंदनाचे झाड दुसऱ्या झाडांच्या मुळांवर अर्धे जगते, त्याच्यात तेलाचा गाभा धरावयासच दहा-पंधरा वर्षे लागतात आणि भरपूर तेल मिळण्यास तीस वर्षे वा अधिक. त्यात १८९९ च्या सुमारास कूर्गमध्ये प्रथम आढळलेला 'स्पाइक' रोग, आणि एकच कायदेशीर खरेदीदार असलेल्या प्रत्येक मौल्यवान मालाभोवती उभी राहते तशी चोरटी तोड. वीरप्पनच्या टोळीच्या कथा वृत्तपत्रांनी चवीने छापल्या. त्या टोळीला माल विकत घेणारा बाजार कोणत्या धोरणाने उभा केला, यावर तेवढी शाई खर्च झाली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास वर्षाला सुमारे ४,००० टन असलेले देशातील चंदनाचे उत्पादन शतकाअखेरीस त्याच्या लहानशा अंशावर आले. म्हैसूर व शिवमोग्याच्या भट्ट्या लाकडावाचून रिकाम्या राहू लागल्या.

२००१ मध्ये कर्नाटकाने वनकायद्यात दुरुस्ती करून झाडाची मालकी लावणाऱ्याला दिली. पण लाकूड विकावयाचे ते वनखात्याला किंवा सरकारने ठरवलेल्या संस्थांनाच, ही अट त्या दुरुस्तीत राहिली. मालकी सोडली, खरेदीची मक्तेदारी ठेवली. शेतकऱ्याने तीस वर्षे झाड जपावे आणि शेवटी एकाच खरेदीदाराने भाव ठरवावा, ही कोंडीची दुसरी बाजू होय. येथे गळा प्रतिस्पर्ध्याचा नसून पुरवठादाराचा आवळला जातो. या अटीचा फेरविचार करताना दलालांना रान मोकळे करून देणे हा एकच मार्ग नाही. किमान आधारभाव बांधून देणे, चंदन लावणाऱ्यांच्या सहकारी संस्थांना थेट लिलावात उतरू देणे आणि सरकारी कंपनीने प्रत्येक वर्षी तेलाचा घरचा व बाहेरचा भाव शेजारी शेजारी छापणे, या तीन मागण्या कर्नाटकातील किसान व कामगार संघटनांनी एकत्र मांडण्याजोग्या आहेत. तिसऱ्या मागणीवाचून पहिल्या दोहोंचा भाव कशावरून ठरवावयाचा हेच कळणार नाही.

ज्या सरकारने कधी काळी जगाला लाकूड विकले, त्याची साबण कंपनी आता केरळच्या मरयूर येथील वनखात्याच्या चंदन लिलावात इतर खरेदीदारांच्या रांगेत उभी राहून बोली लावते.